एका खात्याच्या दोन बाक्या

एप्रिल २०२५ चा पहिला आठवडा. पुण्याच्या तपकीर गल्लीत विद्युत साहित्याचा घाऊक व्यापार करणाऱ्या एका पेढीकडे मुंबईच्या वायर पुरवठादाराचा वर्षाचा खातेउतारा येतो. सोबत नेहमीचे पत्र: ३१ मार्च २०२५ अखेर आपल्याकडून येणे ८,४२,६३६ रुपये, कृपया सही-शिक्क्यानिशी कळवावे. पेढीच्या हिशेबनीस बाई टॅलीत तेच खाते उघडतात. तिथे देणे बाकी आहे ५,१४,१२८ रुपये. तफावत ३,२८,५०८ रुपयांची. (पेढी आणि तिचे आकडे या प्रकरणासाठी बेतलेले आहेत. तारखा, सुट्ट्या, कायदे आणि चुकांचे प्रकार मात्र खरे आहेत.)

अशा वेळी बाजारात दोन गोष्टी हमखास होतात. एक तर मालक म्हणतो, “त्यांचं नेहमीचंच आहे, जास्तच दाखवतात,” आणि उतारा फाइलला लागतो. नाहीतर घाईतला हिशेबनीस तफावतीएवढी एक नोंद ‘वटाव-कसर’ खात्यात टाकतो आणि बाकी जुळवून मोकळा होतो. कसर हे खाते बिलातल्या चाळीस-पन्नास पैशांसाठी असते. तिथे लाखाची रक्कम गेली, तर जुळल्याचे समाधान मिळते आणि तफावत कशाची होती हे शोधण्याची वाट कायमची बंद होते.

मुळात ही एक रक्कम नव्हेच. ३,२८,५०८ हा आकडा पेढीतही कुणी लिहिलेला नाही आणि मुंबईतही नाही. तो वजाबाकीत निघालेला आहे. त्याच्या पोटात वेगवेगळ्या जातीच्या नोंदी आहेत, काही अधिक, काही उणे. पुरवठादाराचा उतारा जुळवायचा म्हणजे ही बेरीज फोडायची आणि प्रत्येक तुकडा कुणाच्या दारात ठेवायचा ते ठरवायचे.

पुरवठादाराच्या वहीत पेढीचे खाते ‘नावे’ बाकी दाखवते, कारण त्याला पैसे येणे आहेत. पेढीच्या वहीत पुरवठादाराचे खाते ‘जमा’ बाकी दाखवते, कारण तिला ते देणे आहेत. त्याने बिल केले की त्याच्याकडे नावे, पेढीकडे जमा. पेढीने पैसे दिले की उलट. थोडक्यात, एकाच व्यवहाराच्या या दोन बाजू आहेत आणि प्रत्येक नोंदीला पलीकडे जोडीदार हवा. जोडीदार सापडला की दोन्हीकडे टिक. बिनटिकेच्या उरतील त्याच नोंदींमध्ये तफावत दडलेली असते.

बाई सुरुवात शेवटच्या बाकीपासून करत नाहीत. त्या आधी १ एप्रिल २०२४ ची सुरुवातीची बाकी बघतात. ती दोन्हीकडे एक असेल तर शोध बारा महिन्यांपुरता मर्यादित राहतो. नसेल तर या वर्षात कितीही टिका मारल्या तरी मागच्या वर्षाचा खडा पायात राहणारच. इथे ती जुळते, कारण मागच्या वर्षी कुणीतरी हे काम नीट केले होते. जिथे जुळत नाही तिथे मागे मागे जात शेवटची जुळलेली तारीख गाठावी लागते आणि तिथून पुढे यावे लागते. दुसरा रस्ता नाही.

मग बिले. ही तारखेने लावली तर घोळ होतो. पुरवठादार बिल ज्या दिवशी फाडतो त्या तारखेला लिहितो, पेढी बरेचदा माल पोचल्याच्या तारखेला. म्हणून जुळणी बिल क्रमांकाने करायची. जीएसटीच्या नियमांनुसार बिलाचा क्रमांक जास्तीत जास्त सोळा अक्षरांचा असतो आणि त्या आर्थिक वर्षात तो पुन्हा येत नाही, म्हणजे ओळख पक्की. अडचण अशी की एकीकडे पूर्ण क्रमांक तिरक्या रेघा आणि वर्षासकट लिहिलेला असतो आणि दुसरीकडे घाईत नुसते शेवटचे चार आकडे. एक्सेलला ही दोन वेगळी बिले वाटतात. टॅलीच्या खरेदी नोंदीत `Supplier Invoice No.` असा रकाना याचसाठी दिलेला आहे, पण तो रिकामा सोडूनही नोंद होते, आणि सोडला जातोच. या पेढीत तो भरलेला आहे. बाईंचे काम त्यामुळे एका दुपारीत आटोपते.

टिका मारून झाल्यावर पुरवठादाराच्या उताऱ्यावर दोन नोंदी बिनजोडीच्या उरतात आणि पेढीच्या खात्यात तीन.

पहिली पुरवठादाराकडची: २९ मार्चचे १,१८,००० रुपयांचे बिल, एक लाखाचा माल आणि अठरा टक्के जीएसटी. पेढीच्या खात्यात याचा मागमूस नाही, कारण माल २ एप्रिलला उतरला. त्या आठवड्याचे कॅलेंडरच तसे होते. २९ ला शनिवार, ३० ला रविवारी गुढीपाडवा, ३१ ला रमजान ईद, १ एप्रिलला वर्षअखेरीच्या कामासाठी बँकांचे व्यवहार बंद. भिवंडीच्या गोदामातून शनिवारी चढवलेला माल बुधवारी पुण्यात आला.

‘माल आला नाही, म्हणून बिल घेतले नाही’ हे ऐकायला रास्त वाटते. पण बाई बिल्टी मागवतात. बिल्टी ‘टू पे’ आहे, म्हणजे भाडे पेढीने द्यायचे, आणि ट्रान्सपोर्टही पेढीनेच सांगितलेला. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम २३ नुसार, विक्रेत्याने कराराप्रमाणे माल वाहतूकदाराच्या हवाली केला आणि त्यावर आपला हक्क राखून ठेवला नाही, तर सर्वसाधारणपणे मालकी तिथेच खरेदीदाराकडे जाते. म्हणजे ३१ मार्चच्या रात्री ट्रकमधला किंवा ट्रान्सपोर्टच्या गोदामातला तो माल पेढीचा होता आणि त्याचे देणेही पेढीचेच होते. पोचवून देण्याचा करार असता, तर उत्तर उलट आले असते.

तेव्हा हे बिल मार्चमध्येच घ्यायचे, एक लाखाचा माल ‘मार्गस्थ माल’ म्हणून अखेरच्या साठ्यात धरायचा. यातले अर्धेच काम केले तर पंचाईत. बिल घेतले आणि माल साठ्यात धरायचा राहिला, तर वर्षाचा नफा सरळ एक लाखाने कमी दिसतो. दोन्ही राहिले तर नफ्याला धक्का नाही, पण ताळेबंदात देणेही कमी आणि मालही कमी. आणि कराचे अठरा हजार? जीएसटी कायद्याचे कलम १६ सांगते की माल प्रत्यक्ष मिळाल्याशिवाय कराची वजावट घेता येत नाही. बिल मार्चचे असले तरी वजावट एप्रिलची. बाई ते अठरा हजार ‘पुढे घ्यायची वजावट’ म्हणून वेगळे ठेवतात.

हे बिल खरेच निघाले होते का, हे तपासायला तिसरा साक्षीदारही आहे. पुरवठादाराने मार्चचे विवरणपत्र वेळेत भरले, तर १४ एप्रिलला पोर्टलवर येणाऱ्या पेढीच्या जीएसटीआर-२बी मध्ये हे बिल दिसायला हवे. उताऱ्यावर असलेले बिल २बी मध्ये नसेल, तर एक तर त्याने ते भरलेले नाही किंवा भलत्याच जीएसटी क्रमांकावर भरले आहे, आणि दोन्ही प्रकारांत पैसे देण्याआधी फोन करायला हवा. २बी ला पेमेंटमधले मात्र काही कळत नाही.

पेढीच्या बाजूची पहिली बिनजोडीची नोंद म्हणजे १,५०,००० रुपयांचा चेक. पेढीने तो २९ मार्चला खर्ची टाकला आणि कुरियरने पाठवला. पुरवठादाराच्या हिशेबनिसाचा फोनवरचा खुलासा असा: “मॅडम, चेक आज सकाळी टेबलावर आलाय. आमच्याकडे एप्रिलमध्येच पडणार.” यात चूक कुणाचीच नाही. पुढच्या महिन्याच्या उताऱ्यात ही तफावत आपोआप मिटेल आणि पेढीला काहीही नोंद करायची नाही.

तरी एक गोष्ट बघून ठेवलेली बरी. वर्षअखेरीला देणे कमी दिसावे म्हणून मार्चच्या तारखेचे चेक लिहून ठेवायचे, टॅलीत खर्ची टाकायचे आणि प्रत्यक्षात एप्रिलच्या मध्याला हातात द्यायचे, हा प्रकार बाजाराला नवा नाही. कागदावर तो ‘वाटेत असलेला चेक’च दिसतो. ओळखायचे कसे? कुरियरच्या पावतीची तारीख आणि बँकेत चेक वटल्याची तारीख. २९ मार्चला निघालेला चेक एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वटला, तर ठीक. महिनाभर वटलाच नाही, तर तो टेबलाच्या खणात होता असे समजायला हरकत नाही, आणि मग ३१ मार्चचे देणे फिटलेले नव्हतेच. आजकाल बहुतेक पैसे एनईएफटी-आरटीजीएसने त्याच दिवशी पोचतात, त्यामुळे ‘वाटेत असलेले पेमेंट’ हे कारण पूर्वीइतके सहज स्वीकारू नये.

पेढीच्या बाजूची दुसरी नोंद ११,८०० रुपयांची डेबिट नोट. फेब्रुवारीत वायरची आठ बंडले इन्सुलेशन तडकलेले म्हणून परत केली. १,२५० रुपयांप्रमाणे दहा हजार, वर अठराशे कर. पेढीने आपल्या बाजूने रक्कम वळती केली आणि विषय संपला असे धरून चालली. पुरवठादाराच्या उताऱ्यावर त्याची क्रेडिट नोट नाही. त्याचे लोक सांगतात, माल परत आल्याची आमच्या गोदामात नोंदच नाही.

हिशेबाच्या भाषेत ही चेकसारखीच ‘त्याने अजून न घेतलेली’ नोंद. पण जात वेगळी. चेक आपोआप उतरणार आहे, ही डेबिट नोट आपोआप कधीच उतरणार नाही. पुरवठादाराने क्रेडिट नोट काढेपर्यंत ती पेढीची एकतर्फी मागणी राहते, आणि विक्रीचा कर कमी करण्याचा अधिकार कायद्याने पुरवठादाराच्या क्रेडिट नोटेलाच आहे. जुळवणीच्या कागदावर या दोन्ही रकमा ‘वेळेतील फरक’ अशा एकाच मथळ्याखाली लिहिणे ही फार आढळणारी चूक आहे. सहा महिन्यांनीही तोच आकडा त्याच मथळ्याखाली दिसला, की तो वेळेचा फरक नसून वाद आहे हे नक्की. बाई परत पाठवणीची बिल्टी आणि गोदामाच्या शिक्क्याची डेबिट नोटेची प्रत शोधून मुंबईला पाठवतात. शिक्का फेब्रुवारीचाच आहे. बंडले तपासणीच्या रॅकवर पडून होती, असे दोन दिवसांनी कळते.

तिसरी नोंद सगळ्यांत नाठाळ. पेढीच्या खात्यात नोव्हेंबरमध्ये या पुरवठादाराला ४५,००० रुपये दिल्याचे दिसते, आणि उताऱ्यावर अशी रक्कम कुठेच जमा नाही. बाई बँकेचा उतारा काढतात. पैसे गेले आहेत, पण दुसऱ्याच पुरवठादाराला. मुंबईतच वायरचा धंदा करणाऱ्या बापाची आणि मुलाची अशा दोन पेढ्या आहेत, नावात फक्त शेवटचा शब्द वेगळा. टॅलीत नावाची पहिली तीन-चार अक्षरे टाइप केली की यादी येते, आणि वरचे नाव पकडून एंटर दाबला की संपले. पैसे मुलाला गेले, नोंद बापाच्या खात्यात पडली.

ही चूक पेढीच्या आतल्या कोणत्याही तपासणीत सापडली नसती. तेरीज (ट्रायल बॅलन्स) जुळलेली आहे. देणेकऱ्यांची एकूण बेरीज बरोबर आहे, कारण एका पार्टीचे देणे ४५,००० ने कमी दिसते तर दुसरीचे तेवढ्यानेच जास्त. बँकही जुळते. जुन्या वहीच्या काळात पार्टीवार खतावणीची यादी करून ती बेरीज देणेकऱ्यांच्या एकत्रित खात्याशी ताडून पाहत. त्या ताळ्यातही ही चूक निसटलीच असती, पण निदान एखादी खतावणी राहून गेली तर ती पकडली जायची. आता संगणक पार्टीच्या बाक्यांचीच बेरीज करून एकूण आकडा दाखवतो, म्हणून तोही ताळा उरला नाही. पार्टीच्या खात्यापुरता बाहेरचा पुरावा म्हणजे पार्टीचा उतारा.

आणि नुकसान नुसते कागदावरचे नसते. मुलाच्या पेढीचे बिल टॅलीत अजून थकलेले दिसते आहे. पुढच्या पेमेंटच्या यादीत ते पुन्हा येणार आणि ४५,००० पुन्हा जाणार. ज्याला जास्त पैसे आले तो स्वतःहून सांगेलच असे नाही. त्याच्या वहीत ते ‘ॲडव्हान्स’ म्हणून निवांत पडून राहतात. म्हणून जुळवणी करताना फक्त मोठ्या बाकीची खाती निवडू नयेत. ज्यांच्याशी उलाढाल मोठी पण बाकी संशयास्पद कमी, किंवा उलटी, अशी खाती आधी बघावीत. या पेढीतही मुलाचे खाते वेळेवर जुळवले असते, तर ही गोष्ट डिसेंबरातच उघडी पडली असती.

आता पुरवठादाराकडची दुसरी बिनजोडीची नोंद: ४,२४८ रुपयांची व्याजाची डेबिट नोट. रक्कम लहान, भांडण मोठे. मालक म्हणतात, “बिलं वेळेवर दिली, व्याज कसलं?” आणि त्यांच्या बाजूने पाहिले तर ते खरे आहे.

झाले असे. ऑगस्टमधल्या एका बिलाच्या दरावरून कुरबुर होती, म्हणून पेढीने त्यातले एक लाख रुपये अडवून ठेवले. ऑक्टोबरमध्ये दोन लाख रुपये आरटीजीएसने पाठवले, मनात सप्टेंबरची दोन बिले धरून. पण कोणत्या बिलांचे पैसे हे कळवले नाही. टॅलीतही ही रक्कम `Agst Ref` लावून बिलासमोर न टाकता `On Account` टाकली. पुरवठादाराने त्यातले एक लाख ऑगस्टच्या अडलेल्या बिलाला लावले आणि उरलेले सप्टेंबरला. साहजिकच सप्टेंबरचे एक लाख थकले. ते पुढे ७३ दिवस उशिराने आले. बिलावर छापलेल्या अठरा टक्के दराने एक लाखावर ७३ दिवसांचे व्याज ३,६०० रुपये. उशिराच्या व्याजावरही जीएसटी लागतो, त्याचे ६४८. एकूण ४,२४८.

इथे १८७२ चा भारतीय करार कायदा पुस्तकातून उठून थेट दुकानात येतो. कलम ५९ म्हणते की अनेक देणी असताना ऋणकोने पैसे देताना अमुक देण्यासाठी असे सांगितले, किंवा परिस्थितीवरून तसे स्पष्ट होत असेल, आणि धनकोने ते स्वीकारले, तर त्याने ते तसेच लावले पाहिजेत. ऋणको गप्प राहिला तर कलम ६० नुसार धनको आपल्या मर्जीप्रमाणे कोणत्याही रीतसर देण्याला लावू शकतो, मुदतबाह्य झालेल्या देण्यालासुद्धा. दोघेही गप्प राहिले तर कलम ६१ प्रमाणे जुन्या देण्यापासून क्रमाने. पेढी गप्प राहिली, पुरवठादाराने आपला हक्क वापरला. पेढीला एवढेच म्हणता येते की ऑगस्टच्या बिलाचा दर वादात होता हे त्याला ठाऊक होते, आणि परिस्थितीवरून हेतू कळायला हवा होता. हा युक्तिवाद टिकायला दराच्या कुरबुरीचा लेखी पुरावा हवा. आहे तो फक्त फोनवरच्या बोलण्याचा. बाजू लंगडी आहे, हे मालकांना कुणीतरी सांगायला हवे.

अशा खात्यात आणखी एक फसगत असते. व्याजाची नोट सोडली, तर ऑक्टोबरच्या त्या रकमेमुळे एकूण बाकीत एका पैशाचाही फरक पडत नाही. दोन लाख इकडे खर्ची, दोन लाख तिकडे जमा, दोन्हीकडे टिक. फरक आहे तो ‘कोणती बिले थकली’ या यादीत. म्हणून नुसता उतारा मागवून भागत नाही. त्याच तारखेची थकीत बिलांची यादीही मागवावी आणि पेमेंट पाठवताना बिल क्रमांकांची चिठ्ठी किंवा मेल सोबत जायलाच हवा.

पाच नोंदी झाल्या. बेरीज करून पाहू: १,१८,०००, १,५०,०००, ११,८००, ४५,००० आणि ४,२४८ मिळून ३,२९,०४८. तफावत मात्र ३,२८,५०८ होती. म्हणजे ५४० रुपये जास्त समजावले गेले! कुठेतरी पेढीच्या खात्यात देणे ५४० रुपयांनी जास्त लिहिलेले आहे.

बाई ५४० ला नऊने भागतात. साठ. भाग पूर्ण जातो. शेजारचे दोन आकडे उलटे टाइप झाले, तर होणाऱ्या फरकाला नऊने नेहमीच पूर्ण भाग जातो. ही जुन्या मुनिमांची युक्ती संगणकाच्या काळातही तितकीच चालते. ५४० येण्यासाठी शतक आणि दशक स्थानचे आकडे उलटलेले असावेत आणि त्या दोन आकड्यांत सहाचा फरक असावा. पुन्हा उतारा घेऊन रकमा एकेक करून बघताना ते सापडते: बिल ७३,३९६ चे, खात्यात ७३,९३६. क्रमांक जुळला म्हणून आधी टिक पडली होती आणि डोळ्याने ‘त्र्याहत्तर हजार नऊशे काहीतरी’ एवढेच वाचले होते. नऊचा भाग जाणे हा फक्त सुगावा आहे. ५४० रुपयांचे एखादे छोटे बिल राहिले असते तरी भाग गेलाच असता. असाच दुसरा सुगावा दुपटीचा: डेबिट नोट चुकून उलट्या बाजूला टाकली तर तफावत तिच्या दुप्पट येते. ११,८०० ची नोट तशी पडली असती तर २३,६०० शोधत बसावे लागले असते आणि त्या रकमेचा कागद कुठेच मिळाला नसता.

या पेढीची उलाढाल दहा कोटींच्या आत आहे म्हणून खरेदीवरच्या टीडीएसचा प्रश्न आला नाही. मोठ्या पेढ्यांत एका पुरवठादाराकडची वर्षाची खरेदी ५० लाखांवर गेली, की वरच्या रकमेवर ०.१ टक्का कापावा लागतो, आणि पुरवठादाराने ती कपात आपल्या वहीत न घेतल्यामुळे पडलेले बारीक फरक अशा पेढ्यांच्या जुळवणीत नेहमी भेटतात.

आता कागद मांडता येतो. आणि तो दोन्ही टोकांकडून मांडायचा. आपल्या बाकीत आपल्या चुका आणि राहिलेल्या नोंदी दुरुस्त करायच्या. त्याच्या बाकीत त्याने अजून न घेतलेल्या आणि आपल्याला मान्य नसलेल्या रकमा वजा करायच्या. दोघांनी मध्ये एकाच आकड्यावर भेटायचे.

पेढीची बाकी: ५,१४,१२८
अधिक मार्गस्थ मालाचे बिल: १,१८,०००
अधिक दुसऱ्या पार्टीचे पेमेंट: ४५,०००
वजा आकडे उलटल्याचे: ५४०
दुरुस्त बाकी: ६,७६,५८८

उताऱ्याची बाकी: ८,४२,६३६
वजा वाटेतला चेक: १,५०,०००
वजा परत मालाची क्रेडिट नोट: ११,८००
वजा वादातले व्याज: ४,२४८
दुरुस्त बाकी: ६,७६,५८८

वरच्या तीन ओळींच्या नोंदी पेढीच्या टॅलीत पडतील, तिच्या मालकाच्या मंजुरीने. खालच्या तीन ओळींसाठी पेढी स्वतःच्या वहीत काहीही करणार नाही. त्या पत्रात जातील. या दोन गटांची सरमिसळ झाली की हिशेबनीस पुरवठादाराच्या चुका आपल्या वहीत दुरुस्त करू लागतो आणि पुढच्या महिन्यात त्याने स्वतः दुरुस्ती केली, की तफावत उलट्या बाजूने उभी राहते.

जुळले म्हणजे बरोबरच, असेही नाही. दोन चुका एकमेकींना खाऊन शून्य तफावत दाखवू शकतात. त्याहून वाईट म्हणजे खोटी जुळणी. पुष्कळ ठिकाणी पेढीचा हिशेबनीस आपल्याच खात्याची प्रिंट पुरवठादाराला पाठवतो आणि तिकडचा कारकून न बघता ‘बरोबर’ असा शिक्का मारून परत करतो. यात दुसरी वही उघडलेलीच नसते. जो माणूस बिले चढवतो, पेमेंट करतो आणि उतारेही तोच मागवतो, तिथे तर बनावट उतारा फाइलला लागायलाही वेळ लागत नाही. म्हणूनच लेखापरीक्षणाच्या एसए ५०५ या मानकात बाहेरच्या पार्टीचे उत्तर थेट लेखापरीक्षकाकडे येण्यावर भर आहे. लहान पेढीत माणसे कमी असतात हे मान्य. पण पुरवठादारांचे उतारे निदान मालकाच्या मेलवर यावेत, एवढे कुणालाही जमते.

राहिली सही. पुरवठादाराने पाठवलेल्या छापील पत्रावर ८,४२,६३६ च्या खाली मुकाट्याने सही केली असती, तर काय झाले असते? १९६३ च्या मुदत कायद्यानुसार विकलेल्या मालाच्या किमतीसाठी दावा लावायची मुदत तीन वर्षांची. ती संपण्याआधी ऋणकोने सहीनिशी देणे लेखी कबूल केले, तर कलम १८ प्रमाणे सहीच्या दिवसापासून मुदत नव्याने सुरू होते. बाकी कबूल केल्याचे पत्र म्हणजे नेमके असेच कबुलीपत्र. वादातले व्याज आणि परत केलेला मालसुद्धा त्यात कबूल होऊन बसला असता. बिलाच्या तळाशी छापलेले ‘चू. भू. द्या. घ्या.’ तिथे किती कामाला येईल याचा भरवसा धरू नये.

पेढीने सही केली ती ६,७६,५८८ रुपयांवर, सोबत वरचा कागद जोडून आणि व्याजाची रक्कम ‘अमान्य’ असे स्पष्ट लिहून. पुरवठादाराला त्याच पत्रात आठ बंडलांच्या क्रेडिट नोटेची मागणी केली आणि शेवटची तारीखही कळवली. माल २०२४-२५ मध्ये विकलेला असल्याने जीएसटी कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे ही क्रेडिट नोट त्याला ३० नोव्हेंबर २०२५ पर्यंतच विवरणपत्रात दाखवून कर कमी करता येतो. त्यानंतर तो दहा हजारांची सूट देऊ शकेल; वरचे अठराशे रुपये मात्र त्याला सरकारकडून परत मिळणार नाहीत आणि ते कुणी सोसायचे यावर नवा पत्रव्यवहार सुरू होईल.